डुकराच्या चरबीची ई-कोड यादी: जिथे बघायचं तिथे ती बघतच नाही

फिरणारा मेसेज: “ई-१००, ई-१२०, ई-४४१, ई-४७१, ई-६३१... पाकिटावर यातला एक जरी कोड दिसला तरी त्यात डुकराची चरबी आहे. कोड नसेल तर निर्धास्त खा. हिरव्या ठिपक्यावर विश्वास ठेवू नका, तो पैसे देऊन मिळतो. सर्व शाकाहारी बांधवांना पाठवा.”

यादीतला पहिलाच कोड घ्या. ई-१०० म्हणजे कर्क्युमिन, हळदीचा पिवळा रंग. आपल्या वरणात रोज पडतो तोच. यादी करणाऱ्याने एवढंही तपासलं नाही, यावरून पुढचा अंदाज यावा.

ई-कोड म्हणजे अन्नात मिसळल्या जाणाऱ्या द्रव्यांना युरोपात दिलेला क्रमांक. हा आकडा पदार्थ कोणता ते सांगतो, तो कशापासून काढला ते सांगत नाही. ई-४७१ हे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारं द्रव्य आहे. ते पाम किंवा सोयाबीनच्या तेलापासून होतं, तसंच जनावराच्या चरबीपासूनही होतं, आणि दोन्हींचा आकडा एकच. ई-६३१ तर चरबीच नव्हे, चव वाढवणारा क्षार आहे. तो मांस-मासळीपासून काढता येतो आणि साखर-स्टार्च आंबवूनही. म्हणजे या दोन्ही आकड्यांवर “मूळ काय?” हा प्रश्न रास्त आहे, “डुक्कर!” हे उत्तर नाही.

ई-१२० मात्र यादीत बरोबर आहे, फक्त कारण चुकीचं दिलंय. हा कार्माइन, निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनियल किड्यांना वाळवून काढलेला लाल रंग. डुकराशी संबंध नाही, पण शाकाहारीही नाही. परदेशातल्या स्ट्रॉबेरी योगर्टमध्ये आणि लाल-गुलाबी गोळ्यांमध्ये तो भेटतो. लेबलवर कार्माइन, कोचिनियल किंवा कार्मिनिक ॲसिड यांपैकी काहीही लिहिलेलं असू शकतं.

आता “कोड नसेल तर निर्धास्त खा” हे वाक्य. सगळ्या मेसेजमध्ये घातक आहे ते हेच.

जिलेटिन गुरा-डुकरांच्या कातड्या-हाडांपासून किंवा माशांपासून करतात. युरोपात त्याला आज ई-क्रमांकच नाही, ते साधा घटक म्हणून नावानेच छापतात. ई-४४१ शोधत बसलात तर मार्शमॅलोचं पाकीट बिनदिक्कत पास होईल. गमीज, मूस, काही योगर्ट यांवर “जिलेटिन” हा शब्दच वाचायचा. त्या जागी पेक्टिन, आगर किंवा कॅराजीनन असेल तर ते वनस्पतीचं किंवा समुद्री शेवाळाचं.

रेनेटलाही ई-क्रमांक नाही. दूध फाडून चीज करायला लागणारं हे विकर परंपरेने वासराच्या जठरातून काढतात. बुरशीपासून किंवा आंबवण्याच्या प्रक्रियेने केलेलं रेनेटही असतं आणि ते शाकाहारी लोकांना चालतं. भारतातल्या अन्न-मानकांत चीजसाठी प्राण्याचं नसलेलं रेनेटच सांगितलंय, त्यामुळे इथल्या चीजची फारशी काळजी नको. अडचण लंडन-न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांची. युरोपात साध्या चीजला घटकांची यादी छापण्यातून सूट आहे, त्यामुळे रेनेटचा उल्लेखच नसू शकतो. अमेरिकेत नुसतं “एन्झाइम्स” लिहिलं तरी चालतं.

पेस्टोची बाटली घ्या: बेसिल, तेल, काजू आणि ग्राना पादानो चीज. दिसायला हिरवीगार चटणी, यादीतला एकही कोड नाही. पण ग्राना पादानो वासराच्या रेनेटनेच करतात आणि त्यात बहुतेकदा अंड्यातलं लायसोझाइम हे विकरही घालतात. खऱ्या पार्मिजानो रेज्जानोलाही वासराचंच रेनेट लागतं, तसा त्या नावाचा नियमच आहे. म्हणून तिकडे चीजवर “सुटेबल फॉर व्हेजिटेरियन्स” किंवा “मायक्रोबियल रेनेट” शोधावं. नसेल तर कंपनीला ईमेल करून विचारावं, आणि विचारताना “हे शाकाहारी आहे का?” न म्हणता “रेनेट कोणतं?” असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला “हो, यात मांस नाही” असं उत्तर येऊ शकतं.

राहिला हिरवा ठिपका. तो कुठल्या कचेरीत विकत मिळत नाही. उत्पादक तो स्वतः छापतो आणि खोटा निघाला तर कायद्याने तोच अडकतो. जिलेटिन किंवा कार्माइन थोडंसं असलं तरी पदार्थ मांसाहारी ठरतो आणि तपकिरी चौकटीतला त्रिकोण छापावा लागतो (जुन्या पाकिटांवर तिथे गोल असे). फसवणूक अशक्य आहे असं नाही. उत्पादकाला कच्चा माल देणाराच मूळ लपवू शकतो. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही नुसते कोड पुरेसे नाहीत, घटक वनस्पतीचा की प्राण्याचा हे सांगा, असं बजावलं होतं. तरी ई-४७१ सारख्या दुटप्पी आकड्याचं मूळ कळायला भारतीय पाकिटावर या ठिपक्याइतकी दुसरी खूण नाही.

त्याची खरी मर्यादा वेगळीच आहे आणि मेसेजमध्ये तिचा पत्ता नाही. कायद्यातल्या “मांसाहारी”च्या व्याख्येतून दूध, मध, मेण आणि शेलॅक वगळले आहेत. शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्याचा स्राव, चकचकीत चॉकलेट-गोळ्यांवरची तकाकी, क्रमांक ९०४. मध किंवा लाख न चालणाऱ्या जैन घरांनी हिरवा ठिपका असला तरी घटकांची ओळ वाचायलाच हवी.