क्रेडिट कार्डाची ‘४५ दिवसांची’ सवलत कधी जाते?

फिरणारा मेसेज: “मिनिमम ड्यू भरत राहा, नव्या खरेदीवर ४५ दिवस व्याज लागतच नाही.”

हे चूक आहे. मिनिमम भरल्याने लेट फी टळते, बिनव्याजी मुदत टिकत नाही. मागच्या बिलातली थोडीही रक्कम थकली तर ही मुदत जाते, हे कार्डाच्या मुख्य अटींमध्ये स्पष्ट लिहावे असे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांतच म्हटले आहे. तो कागद सहसा कोणी उघडत नाही, हा भाग वेगळा.

समजा, २०,००० रुपयांच्या बिलाची शेवटची तारीख २५ जून. तुम्ही १८,००० भरले, २,००० ठेवले. २८ जूनला ३०,००० चा फ्रिज घेतला. व्याज फक्त त्या दोन हजारांवर लागेल असे वाटते, पण फ्रिजवरही खरेदीच्या तारखेपासूनच मीटर सुरू होतो. दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के धरला आणि फ्रिजचे पैसे २५ जुलैला भरले, तर २७ दिवसांचे सुमारे ९३२ रुपये व्याज. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण साधारण १,१००. जूनचे बिल पूर्ण भरले असते तर शून्य.

तुमच्या बिलात ‘फायनान्स चार्जेस’ची ओळ दिसली तर बहुधा हेच घडले आहे. नव्या खरेदीआधी ‘टोटल अमाउंट ड्यू’ पूर्ण भरा. आधी रक्कम थकली असेल तर आता पूर्ण भरूनही पुढच्या बिलात थोडे व्याज येऊ शकते. हे व्याज आधीचे बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचे असते.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.