दुखावल्या असतील तर

माफी मागण्याची वेळ प्रत्येकावर कधी ना कधी येतेच, आणि अनुभव नसलेली माणसे अशा वेळी गोंधळून खरोखरच माफी मागून बसतात. वाचकहो, तुमच्या हातून असा अनर्थ घडू नये म्हणून, मला स्वतःला नुकत्याच मिळालेल्या एका नामी नमुन्याच्या आधाराने काही सूचना येथे देत आहे.

नमुना कसा मिळाला तेवढे सांगतो. आमच्या सांगलीतील एका मंडळाच्या स्मरणिकेची मुद्रिते मी चार महिने वाचली. पाने ११२, मानधन शून्य, त्याबद्दल तक्रार नाही. प्रकाशनाच्या दिवशी अध्यक्षांनी भरल्या सभागृहात माइकवरून सांगितले, "अंक दिवाळीला निघायचा तो शिवजयंतीला निघाला, कारण आमचे सर एकेका वेलांटीवर आठवडा बसतात." सभागृह हसले. मीही हसलो, कारण पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाला दुसरे काही करता येत नाही. गावभागातला छापखाना ज्या दोन पानांसाठी सात आठवडे अडून राहिला होता, ती पाने अध्यक्षांच्या स्वतःच्या मनोगताची होती, ही गोष्ट त्या सभागृहात आम्हा दोघांनाच ठाऊक होती. तिसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा मजकूर आला:

"परवाच्या कार्यक्रमात माझ्या बोलण्यातून अनवधानाने कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो. सर ज्येष्ठ आहेत, ते मोठ्या मनाने घेतील ही खात्री आहे."

मागोमाग अर्धा किलो भडंगही घरपोच आले. भडंग चांगले होते, पण तो वेगळा विषय आहे.

आता सूचना. पहिली म्हणजे 'असतील तर' हे दोन शब्द कधीही विसरू नका. मराठीत ही संकेतार्थी रचना आहे. पहिली गोष्ट घडली असेल तरच दुसरी लागू होते. म्हणजे तुमची दिलगिरी अजून अमलात आलेलीच नाही. ती अमलात यावी असे समोरच्याला वाटत असेल, तर त्याने पुढे येऊन सर्वांदेखत सांगावे की होय, माझ्या भावना दुखावल्या आहेत. साठी उलटलेला कोणता मनुष्य असे म्हणायला धजेल? तो गप्प बसला की अट पूर्ण झाली नाही, आणि तुमचे काही देणेही उरले नाही.

दुसरी सूचना अशी की, नाव माहीत असले तरी 'कोणाच्या' असेच लिहावे.

तिसरी सूचना क्रियापदाची. 'मी दुखावले' असे लिहिल्यास कर्ता सापडतो, म्हणून 'दुखावल्या गेल्या' लिहावे. म्हणजे कृष्णेला पूर यावा तसे ते आपोआप घडले, कोणी केले नाही, असे वाटते.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची आहे: चुकीविषयी अवाक्षर काढू नका, फक्त भावनांविषयी बोला. या एका शब्दाची करामत पाहा. अध्यक्षांनी केले काय, तर चारशे लोकांसमोर एक खोटी गोष्ट सांगितली. आता सांगा, माझ्या भावनांचा येथे संबंध काय? मी दगडासारखा निर्विकार असतो, किंवा त्या दिवशी तापाने घरी पडून असतो आणि मला हे कधी कळलेच नसते, तरी ती गोष्ट खोटीच राहिली असती आणि चारशे लोक ती खरी मानूनच घरी गेले असते. पण 'भावना' हा शब्द आला की चौकशी बोलणाऱ्याची न होता ऐकणाऱ्याची सुरू होते: सर फारच हळवे आहेत, सरांना हल्ली विनोद समजत नाही, सरांची साखर तपासायला हवी. चूक त्यांच्या तोंडची आणि तपासणी माझ्या कातडीच्या जाडीची! नुसते 'तर' काढूनही भागत नाही, हे येथे लक्षात घ्यावे. 'तुम्हाला वाईट वाटले याबद्दल मी दिलगीर आहे' हे वाक्य बिनशर्त दिसते, पण त्यातही गुन्हा माझ्या वाटण्याचाच आहे.

पाचवी सूचना: माफी मागू नका, दिलगिरी व्यक्त करा. दिलगीर म्हणजे खिन्न, एवढाच त्याचा मूळ फारसी अर्थ आहे. रस्ता खोदणारेही पाटीवर दिलगीर असतात आणि खड्डा तसाच असतो. माफी मात्र मागावी लागते, आणि मागितलेली वस्तू समोरचा नाकारू शकतो.

शेवटी 'मोठ्या मनाने' घालावे, म्हणजे रागावणारा आपोआप कोत्या मनाचा ठरतो. रॉय लेविकी या अमेरिकी अभ्यासकाने सहकाऱ्यांसह २०१६ साली माफीचे सहा घटक वेगळे करून लोकांना कोणता किती पटतो हे पाहिले, तेव्हा जबाबदारीची कबुली सर्वांत वर आली, त्याखालोखाल भरपाईची तयारी, आणि 'मला क्षमा करा' ही विनंती अगदी तळाला गेली. आमच्या अध्यक्षांनी वरचे दोन्ही घटक शिताफीने टाळून तळाचा तेवढा उचलला, आणि तोही विनंती म्हणून नव्हे, खात्री म्हणून.

जर-तरला सगळीकडेच बंदी घाला असे मी म्हणत नाही. लग्नपत्रिकेत 'नजरचुकीने निमंत्रण राहिले असल्यास' लिहितात ते योग्यच आहे, कारण कोण राहिले हे लिहिणाऱ्याला खरोखर माहीत नसते. हिशेबाखाली आपण 'चू. भू. द्या. घ्या.' लिहितो तेही त्याच कारणाने. पर्युषणानंतर आमच्या शेजारचे जैन कुटुंब हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणते, त्यात कळत-नकळत घडलेले सगळेच येते आणि ते कोणालाही बोचत नाही. अडचण येते ती घडलेले नेमके ठाऊक असताना ठाऊक नसल्याचे सोंग घेतले जाते तेव्हा. आणि मनात खरीच शंका असेल तर आधी विचारावे, 'परवाचे माझे बोलणे तुम्हाला लागले का?' हा प्रश्न आहे, माफी नव्हे. उत्तर आल्यावर माफी वेगळी मागावी.

सवयीप्रमाणे मी तो मजकूर कागदावर उतरवून लाल शाईने तपासला. 'अनवधानाने', 'कोणाच्या', 'भावना', 'गेल्या', 'असतील तर', 'मोठ्या मनाने' एवढे काटल्यावर फारसे काही उरले नाही, म्हणून समासात नवा मजकूर लिहिला:

"स्मरणिका सरांमुळे लांबली असे मी शनिवारी व्यासपीठावरून म्हणालो. ते खरे नव्हते. माझे मनोगत सात आठवडे उशिरा आल्यामुळे ती लांबली. माझी चूक मी सरांवर ढकलली आणि लोकांना हसवले, याबद्दल मी सरांची माफी मागतो. येत्या सभेत हे मी माइकवरून सांगेन."

पाच वाक्ये आहेत. पहिल्यात काय बोललो, दुसऱ्यात ते खोटे होते, तिसऱ्यात खरे काय, चौथ्यात माफी आणि पाचव्यात दुरुस्ती. तीही माइकवरच, कारण घाव तेथेच घातला होता. यात 'जर' नाही, 'पण' नाही, माझ्या मनाचे मोजमापही नाही.

अहो, लाज वाटायला हवी. वीस वर्षे मंडळ चालवता, श्रद्धांजलीपासून अर्थसंकल्पापर्यंत कशावरही तासभर बोलता, आणि 'मी खोटे बोललो' हे तीन शब्द उच्चारताना तुमची जीभ टाळ्याला चिकटते? भडंग पाठवून तोंड बंद करायला मी काय लहान मूल आहे? मला तुमची दिलगिरी नको. ज्या चारशे लोकांना चुकीचे सांगितलेत, त्यांना बरोबर काय ते सांगा.

तपासलेले मुद्रित मी काल त्यांच्या घरी पोहोचते केले आहे. सभा रविवारी सायंकाळी साडेपाचला आहे आणि मी याही वेळी पहिल्या रांगेतच बसणार आहे.