माठ वाजवून घ्यावा, होडी नव्हे

जुनी होडी बघायला निघण्याआधी विकणाऱ्याला फोन करून वेळ नक्की कळवा. अकरा म्हणजे अकरा. त्याला साडेदहाला इंजिन सुरू करून ठेवायला सवड मिळते. गार इंजिन तिसऱ्या-चौथ्या झटक्यालाही कुरकुरतं, आणि असलं काही आपल्याला बघायचं नसतं. पोहोचल्यावर गाफीलपणे इंजिनावर हात ठेवू नका. ते आधीच कोमट लागलं तर उगाच शंका येते. मुलांना सोबत न्या, लाइफ जॅकेटं घालूनच न्या. पोरं एकदा होडीत चढून स्टिअरिंग फिरवायला लागली की घासाघीस आपोआप मिटते.

मी हे सगळं पाळलं. न्यू जर्सीतल्या एडिसनहून टॉम्स रिव्हरला गेलो आणि सतरा फुटी फायबरची होडी, तिच्यावर नव्वद हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आणि खाली ट्रेलर, असं सगळं मिळून बेचाळीसशे डॉलरला घेऊन आलो.

तळाकडे बघायचंच असेल तर चकाकी बघा. जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या चकचकीत थरावर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसतील. त्यांवर भरपूर वेळ घालवा, कपाळाला आठ्या घाला, दोनशे डॉलर कमी करून घ्या. त्यातल्या बऱ्याचशा वरवरच्या असतात, त्यांनी होडी बुडत नाही. विकणाराही मोठ्या मनानं दोनशे सोडतो, कारण तोवर तुमचं ट्रान्समकडे लक्ष गेलेलं नसतं.

ट्रान्सम म्हणजे होडीची मागची उभी भिंत, जिच्यावर इंजिन लटकतं. बाहेरून ती फायबर दिसते, पण बहुतेक जुन्या छोट्या होड्यांत आत प्लायवूड असतं, पावाच्या दोन कापांत बटाटा असावा तसं. इंजिनाचे बोल्ट, शिडीचे स्क्रू, मासे शोधायच्या यंत्राचा सेन्सर, प्रत्येकासाठी कुणीतरी कधीतरी त्या भिंतीला भोक पाडलेलं असतं आणि सीलंट लावायला विसरलेलं असतं. तिथून पाणी प्लायवूडमध्ये शिरतं आणि परत बाहेर यायची वाट त्याला सापडत नाही. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात ते आतल्या आत गोठतं, फुगतं आणि फायबरला लाकडापासून सोडवतं. पाचसहा हिवाळ्यांनंतर आत लाकूड नसतंच, चहाच्या चोथ्यासारखा लगदा असतो. बाहेरून मात्र पॉलिश मारलेलं.

हे ओळखायला खर्च येत नाही, हीच अडचण आहे. माझी आई मंडईत माठ घेताना बोटाच्या पेरानं टिचकी मारायची, कान लावायची आणि दहातले नऊ माठ खाली ठेवायची. ट्रान्समचंही तसंच. प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर उलटा धरायचा किंवा सरळ नाणं घ्यायचं. आधी होडीच्या चांगल्या, कोरड्या भागावर वाजवून आवाज कानात बसवायचा, मग ट्रान्समवर दर दोन इंचांवर ठोकत जायचं. धड लाकूड ‘टक्’ म्हणतं. कुजलेलं ‘भद्’ म्हणतं, आणि तो आवाज बहुधा इंजिनाच्या बोल्टांखाली आणि खालच्या कोपऱ्यांत सापडतो. तुम्ही अर्थातच हे करणार नाही. चारचौघांत होडीला टिचक्या मारणारा माणूस कसा दिसेल?

इंजिन अर्धवट वर उचलून त्याचा तळाचा पाय दोन्ही हातांनी खालीवर दाबायचा आणि दुसऱ्या माणसानं ट्रान्समवर डोळे रोखायचे, अशीही एक अशिष्ट पद्धत आहे. घट्ट भिंत हलत नाही. माझी भिंत हलत होती, हे मला जूनमध्ये कळलं. शिडीचा एक स्क्रू काढला, तर त्या भोकातून तपकिरी पाण्याची धार लागली. ती अर्धा तास चालू होती. मेकॅनिक खाली बसून शांतपणे कॉफी पीत होता. इंजिन उतरवायचं, आतलं फायबर कापायचं, लगदा खरवडायचा, नवं मरीन प्लायवूड इपॉक्सीनं चिकटवून वरून पुन्हा फायबर चढवायचं, याचे त्यानं पाच हजार आठशे सांगितले. बेचाळीसशेच्या होडीला.

इंजिनाबद्दल थोडक्यात. कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासणारा गेज सोबत नेऊ नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरला तो लावला की आकडे येतात, आणि आकड्यांना समजूत घालता येत नाही. ते किती आहेत यापेक्षा ते एकमेकांच्या जवळ आहेत का, हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे दुखणं. माझे आले १२०, ११८ आणि ८५. बहुधा इथेनॉलवालं पेट्रोल हिवाळाभर कार्ब्युरेटरमध्ये राहून चिकट झालं, त्या सिलिंडरला इंधन आणि त्यासोबत येणारं ऑइल कमी पडलं आणि पिस्टनला ओरखडे उठले. खालच्या गिअरबॉक्सचा स्क्रू किंचित सैल करून तेलाचा थेंब बघणंही टाळा. ते दुधाळ निघालं तर पंख्यामागच्या सीलमधून पाणी शिरलेलं असतं, बऱ्याचदा तिथे गुंडाळल्या गेलेल्या गळाच्या दोरीच्या कृपेनं. दुधाळ रंग चहाला शोभतो, गिअर ऑइलला नाही.

ट्रेलर तर फुकटच येतो, त्याला काय बघायचं? टायरची नक्षी छान खोल असते, कारण ट्रेलर वर्षातून दहा वेळा फिरतो. टायर झिजून मरत नाहीत, उन्हात वाळून मरतात. त्यांच्या अंगावर चार आकडे असतात. माझ्यावर होते २२१३, म्हणजे २०१३ सालचा बाविसावा आठवडा. तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. चाकाच्या मधल्या हबचं तर विचारूच नका. हमरस्त्यावरून आलेला तापलेला हब तुम्ही धक्क्यावर थेट गार पाण्यात उतरवता, आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. ग्रीसचं लोणी होतं, बेअरिंग गंजतं. चाक जॅकवर उचलून वरखाली हलवलं असतं तर ढिलेपणा हाताला लागला असता, फिरवलं असतं तर जात्यासारखी घरघर ऐकू आली असती. मी ती घरघर गार्डन स्टेट पार्कवेवर, परतीच्या तिसाव्या मैलाला ऐकली. धुरासकट.

सगळ्यात शेवटी, पैसे देऊन झाल्यावरच, होडीचं वजन करा. आधी नको. मी भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर गेलो होतो. हिशेब सोपा होता: कॅटलॉगप्रमाणे होडी १,०५० पौंड, इंजिन ३००, ट्रेलर ५००, पेट्रोल आणि किरकोळ सामान धरा १५०. एकूण २,०००. काटा म्हणाला २,६४०. वरचे ६४० पौंड म्हणजे होडीच्या आतल्या जमिनीखालच्या फोमनं पिऊन ठेवलेलं पाणी, जवळजवळ २९० लिटर. हा फोम होडी बुडू नये म्हणून भरलेला असतो.

काट्यावरच्या माणसानं होडीभोवती एक फेरी मारली. तो म्हणाला, “इंजिनाचं ॲल्युमिनियम घेतो. ट्रेलरचं लोखंड घेतो.”

“आणि होडी?”

“फायबर आम्ही घेत नाही. ती तुमची तुम्ही घरी न्या.”