हळदी बटण आणि ब्राइटनेसचा सल्ला

"कॉन्ट्रास्ट मोजत बसणं म्हणजे वेळ घालवणं. आपल्याला दिसतंय ना, मग झालं. ज्यांची नजर कमजोर, त्यांनी ब्राइटनेस वाढवावा नाहीतर झूम करावं. ब्रँडचा रंग बदलायचा नाही. लिंक निळी असली की पुरे."

हे आमच्या घरच्या ग्रुपवर भाच्याने टाकलं. त्याच आठवड्यात सांगलीत दुपारी कट्ट्यावर बसून आप्पा मोबाइलवर फॉर्म भरत होते. मोतीबिंदू आहे. म्हणाले, "इथं नुसता पिवळा पट्टा दिसतोय. काय लिवलंय रे ह्याच्यावर?" पांढऱ्या अक्षरांत 'पुढे जा' लिहिलं होतं.

आधी ब्राइटनेस, कारण एवढा बिनडोक सल्ला दुसरा नाही. ब्राइटनेस वाढवला की अक्षर उजळतं तसं बटणही तेवढ्याच पटीने उजळतं. समजा, अक्षराचा उजेड १०० आणि बटणाचा ५९. दुप्पट केलं तर २०० आणि ११८. गुणोत्तर तेच. वर उन्हाची चकाकी मूळच्या १०० आणि ५९ मध्ये ५०-५० मिळवते: १५० आणि १०९. फरक आणखी पुसट. उन्हात ब्राइटनेसने थोडं बरं वाटतं, हे कबूल, पण तो फक्त उन्हाने खाल्लेलं परत देतो. डिझायनरने मुळात दिलंच नाही ते कुठून आणणार? आणि मोतीबिंदूत उजेड डोळ्यातच विखुरतो, त्यामुळे झळाळीही वाढते.

आता तो रंग मोजू. बटण होतं `#FFC107`. त्याची सापेक्ष तेजस्विता, म्हणजे काळा ० आणि पांढरा १ धरून मोजलेला उजेड, ०.५९४, पांढऱ्याची १. त्यावरून कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर:

```
(1 + 0.05) / (0.594 + 0.05) = 1.63
```

WCAG, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेली नियमावली, साध्या अक्षराला ४.५ मागते. हा आकडा हवेतून आलेला नाही: चांगल्या नजरेला किमान ३ धरलं आणि २०/४० नजरेला, म्हणजे साधारण ऐंशीच्या घरातल्या माणसाला, दीडपट दिलं. झूमचं अर्धं खरं आहे: २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठ्या अक्षराला ३ चालतं. पण १.६३ कितीही मोठं केलं तरी ३ होत नाही.

ब्रँडचा रंग? बदलू नका की! अक्षर काळं करा, तोच हळदी रंग १२.८८ देतो.

मोजायला अर्धा मिनिट लागतो. क्रोममध्ये बटणावर Inspect, मग `color` शेजारच्या चौकोनावर क्लिक, Contrast ratio समोर येतो. मात्र तो तेव्हा दिसणाऱ्या अवस्थेचाच असतो. `:hover`, म्हणजे माउस बटणावर नेल्यावरची अवस्था, चालू करून पुन्हा बघा, पुष्कळ बटणं तिथेच फिकी पडतात. आणि ४.४८ ला ४.५ म्हणायचं नाही. पांढऱ्यावर `#777777` नेमका तिथेच नापास होतो.

लिंकचं म्हणाल तर अधोरेखा काढू नका. निळा आणि काळा आप्पांना सारखेच दिसतात.

भाच्याला मी आप्पांचा तो फोन दिला आणि म्हटलं, दुपारी बारा वाजता कट्ट्यावर बसून फॉर्म भर. तो ब्राइटनेस वाढवत बसलाय.