साताऱ्यात बसून बर्फाची शॉपिंग करू नका राव

टोरांटोत बर्फ पडायला लागून आज सहावा दिवस. रोज रात्री डायरीत दोन-चार ओळी खरडतोय, त्या वाचल्या तर सगळं रडगाणं कपड्यांचंच निघालं, म्हणून इथे टाकतोय. जानेवारीत आपल्याकडची दोन पोरं इकडे यायचीत आणि पोवई नाक्यावर खरेदी सुरू झालीय असं कानावर आलंय.

मंगळवारी पहिला बर्फ पडला, उणे १. मी सुती बनियन, त्यावर थर्मल, त्यावर आईने घेऊन दिलेला जाड बंद गळ्याचा स्वेटर, वर जॅकेट, खाली जीन्स, पायात दोन-दोन मोजे आणि जाळीचे स्पोर्ट्स शूज, असा गणपतीच्या मखरासारखा सजून निघालो. घरापासून बस स्टॉपपर्यंत चढ आहे, पाठीवर लॅपटॉपची बॅग, दहा मिनिटांत घामाघूम. मनात म्हटलं काय थंडी थंडी करतात लोकं. मग स्टॉपवर उभा राहिलो, बस काय येईना, आणि पाच मिनिटांत पाठीवर कुणीतरी ओला टॉवेल ठेवल्यासारखं झालं. दात वाजायला लागले. अंगावर चार थर आणि तरी कुडकुडतोय!

कारण बनियन. सुती कापड घाम पितं आणि धरून बसतं. आपल्याकडे उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळतो ना, पाणी गार व्हावं म्हणून, तेच मी स्वतःला केलं होतं. रात्री थर्मलचं लेबल वाचलं तर तेही बहुतांश कॉटन. दुकानदार 'एकदम गरम आहे' म्हणाला होता, खोटं नव्हतं, साताऱ्याच्या १०-१२ डिग्रीला आणि कोरड्या हवेला गरमच आहे ते.

पायाचं प्रकरण वेगळंच. जो बूट एका मोज्यात बरोबर बसतो त्यात दोन घातले की बोटं आवळली जातात, रक्त नीट फिरत नाही आणि ऊब धरणारी हवा राहायला जागाच उरत नाही. त्यात जाळीतून बर्फ आत, आत पाणी. क्लासमध्ये बूट काढून बघितले तर बोटं पांढरी पडलेली आणि चिमटा काढला तरी कळेना, तेव्हा खरा घाबरलो. हळूहळू रंग आला, मुंग्या आल्या, निभावलं.

आणि क्लासमध्ये हीटर लावून २२ डिग्री! स्वेटर डोक्यातून काढायचा म्हणजे सगळ्या वर्गासमोर कुस्ती, म्हणून तसाच बसलो, परत घाम, परत बाहेर, परत ओला टॉवेल.

गुरुवारी उणे १० होतं, वारा सुटलेला, फोनवर 'फील्स लाइक' उणे २० दाखवत होतं. तोवर रूममेटने मला सेकंडहँड दुकानात नेऊन पॉलिस्टरचं अंगाला लागून बसणारं थर्मल आणि पुढून चेन असलेलं फ्लीस घ्यायला लावलं होतं, बूट एक साइज मोठे, वॉटरप्रूफ, आत एकच लोकरीचा मोजा, बोटं हलवून बघायची, हलली पाहिजेत. एकूण कपडे मंगळवारपेक्षा कमी. आणि मी मंगळवारपेक्षा आरामात! एक तर अंग कोरडं, दुसरं म्हणजे उणे १०चा बर्फ पिठासारखा भुरभुरीत असतो, झटकला की गेला. शून्याच्या आसपासचा कपड्यावर पडून वितळतो, तो जास्त डेंजर. आकडा बघून घाबरणारे आपण, ओल बघत नाही.

रूममेटचा नियम असा की दारातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, चालताना घाम यायच्या आधी चेन उघडायची, थांबलो की बंद. मला येडेपणा वाटला होता, पण बरोबर आहे.

खरं तर हे आपल्याला माहीत असायला पाहिजे होतं. माण-खटावचा धनगर पावसात घोंगडं पांघरून मेंढरामागं फिरतो, लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. सुती चादर घेऊन कोण फिरतं का? आणि मी सहा नव्या सुती बनियनी आणल्यात.

एकच गोष्ट बरोबर आणली, आईने विणलेली कानटोपी, जी मी मुंबई एअरपोर्टवर लाजून बॅगेत कोंबली होती. लोकर अ‍ॅक्रिलिकची असली तरी पाणी पीत नाही, कान झाकते. आता कानटोपीशिवाय मी कचरा टाकायला पण खाली जात नाही.

जीन्स तीन आणल्यात, तिन्ही गुडघ्यापर्यंत भिजून बाथरूममध्ये लटकतायत, खाली रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे पट्टे. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अरे अजून एक मोजा घाल की वरून." तिला समजवायला गेलो तर बाबा मागून म्हणाले, "माठाचं सांग, माठाचं."

जानेवारीवाल्यांनो, बॅगेत ती जागा मोकळी ठेवा आणि माझ्यासाठी कंदी पेढे आणा. कपडे इथे येऊन घेऊ.