पट्टा गाडीत राहिला म्हणे!

सकाळी सकाळी एका मित्राने फोटो टाकला. बर्फाळ ओढ्यात मांड्यांपर्यंत उभा, अंगात नवेकोरे चेस्ट वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची पायापासून छातीपर्यंतची जलरोधक पँट, चेहऱ्यावर विजयी हसू. आणि कमरेला पट्टा नाही! खाली दुसऱ्याची कमेंट : "छातीपर्यंतचे कशाला? पडलास तर पाणी भरून तळाला जाशील. हिप बूट बरे." त्यावर पंधरा लाइक. डोकं फिरलं माझं.

हे "तळाला जाशील" प्रकरण आधी संपवू. बुटातलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखंच. पाण्यात असेपर्यंत आतल्या पाण्याचं वजन जाणवत नाही, ते तुम्हाला खाली ओढत नाही. ते जड होतं काठावर चढताना. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, दोन्ही पायांत अर्धी अर्धी बादली घेऊन गुडघ्यांवर रांगलोय.

तेव्हा माझ्या पायात हिप बूटच होते. बर्फ वितळायचे दिवस, ओढा जेमतेम गुडघाभर. हिप बूट मांडीपर्यंत येतात, म्हणजे वीतभर जागा शिल्लक, असा माझा हिशोब. पण वाहत्या पाण्यात हा हिशोब चालत नाही. प्रवाह पायावर आदळला की ज्या बाजूने तो येतो तिथे पाणी चढतं, आणि पाऊल उचललं की आणखी वर उडतं. त्यात एका धोंड्यामागे खळगा निघाला. पाऊल वीतभर जास्त खाली गेलं आणि दोन्ही बूट वरून भरले. अंगावरून गार पाणी गेलं की श्वास आपोआप आत ओढला जातो, मिनिटभर तो आपल्या ताब्यात नसतो. मी मित्राला हाक मारायला तोंड उघडलं, आवाजच निघेना. त्याने काठी पुढे केली म्हणून निघालो. बूट कंबरेच्या पट्ट्याला बंदांनी अडकवलेले, बोटं बधिर, बंद सुटेनात. शेवटी काठावर उताणा पडून पाय वर केले, तेव्हा पाणी पाठीवरून गेलं. हसा, हसा.

तोच खळगा चेस्ट वेडरमध्ये लागला असता तर कंबर ओली झाली नसती. आणि पुरता पडलो असतो तरी पोटावर घट्ट आवळलेल्या पट्ट्याने पाणी पायांत जायला वेळ लावला असता. पट्टा म्हणजे शोभेची वस्तू नाही रे! खांद्याचे पट्टे कपडा वर धरतात, पाणी अडवतो तो कमरेचा. तो नसेल तर वेडर म्हणजे वरून उघडी पिशवी. पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, आणि वेगाच्या पाण्यात उभं राहायची घाई करू नका. दगडांत पाऊल अडकलं तर प्रवाह अंगावर रेटून पाण्याखाली दाबतो.

बरं, मान्य : हिप बूट माणसाला उथळात ठेवतात, चेस्ट वेडर खोल जायला फूस लावतात. उन्हाळ्यात घोटाभर पाण्यात हिप बूटच घाला, माझं काही म्हणणं नाही.

कापडाचं म्हणाल तर निओप्रीन हे जाड फेसाळ रबर स्वतः ऊब देतं, थंडीत तासन्‌तास एका जागी उभं राहणाऱ्याला ते बरं. पण चढण चढून जायचं असेल तर आतून घामाने भिजाल आणि मग तोच घाम गारठवेल. मी पातळ, घामाची वाफ बाहेर सोडणारे वेडर घेतले. ते स्वतः ऊब देत नाहीत, म्हणून आत लोकरीचे थर. सुती पँट मात्र नको, भिजली की वाळत नाही.

मापात मी पुन्हा फसणार होतो. उभं राहून बघितलं, छान बसले. मग खाली बसलो तर जांघेतल्या शिवणी ताणल्या, गुडघा छातीकडे घेतला तर येईना. धोंड्यावर पाय टाकताना नेमकी हीच हालचाल लागते. एक माप मोठे घेतले. बुटांचंही तसंच, जाड मोज्यासकट बोटं हलली पाहिजेत. मी आधी घट्ट बूट घालून वर आणखी एक मोजा चढवायचो आणि पाय आणखी गारठायचे. रक्तच फिरेना, मोजा काय करणार?

एवढं टाइप करून राग जरा उतरला. मघाशी फोटोवाल्याला फोन केला. म्हणाला, "अरे, पट्टा गाडीतच राहिला, फोटोपुरतं आत गेलो होतो." मी म्हटलं, खळगाही फोटोपुरताच असतो. तो हसला. मग थोडं थांबून विचारलं, "तुला तेव्हा काठी कोणी दिली होती रे?"

यानेच दिली होती. विसरलाय लेकाचा.