भाड्याची बॅटरी आणि म्हापसा-पणजी

"बॅटरी भाड्याने घेऊ की विकतच?"

२०२४ मध्ये एमजीची विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी आली तेव्हा बॅटरीसकट साडेतेरा लाख, बॅटरीविना ९.९९ लाख आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये, चार्जिंग वेगळं. फरक साडेतीन लाखांचा, म्हणजे व्याज सोडलं तर एक लाख किलोमीटरला बरोबरी. माझी म्हापसा-पणजी ये-जा महिन्याला जेमतेम ७०० किलोमीटर, बारा वर्षं लागतील. मग भाडंच बरं? थांबा. करारात महिन्याला किमान १५०० किलोमीटर धरले असतील तर पावसाळ्यात गाडी दारात उभी असली तरी ५,२५० रुपये द्यायचेच, आणि साडेपाच वर्षांत बॅटरीची किंमत वसूल. मुदतीनंतर ती कोणाची, हे आधीच लेखी घ्या. गाडी मध्येच विकायची झाली तर बाकी फेडून फायनान्सवाल्याची एनओसी आणावी लागते, नाहीतर आरसीवरचा बोजा निघत नाही.